मन किती सोसतं, घर किती पेलतं: शेअरमधला वाटा ठरवताना

गुंतवणुकीच्या सल्ल्यात एक प्रश्नावली हमखास येते. बाजार वीस टक्के पडला तर तुम्ही काय कराल, विकाल, थांबाल की आणखी घ्याल? दहा-बारा उत्तरं दिली की ‘तुम्ही आक्रमक गुंतवणूकदार आहात, ७५ टक्के शेअरमध्ये ठेवा’ असा निकाल मिळतो. ही प्रश्नावली एका माणसाच्या मनाला विचारलेली असते. घरात दोन माणसं कमावती, दोन मुलं आणि एक म्हातारी आई असेल, तर या प्रश्नावलीतून मिळालेला आकडा घराचा नसतो.

दोन वेगळ्या गोष्टी इथे एकाच नावाखाली मोजल्या जातात. पहिली म्हणजे जोखीम सोसण्याची तयारी: घसरण डोळ्यांसमोर असताना माणूस किती काळ न डगमगता बसू शकतो. ही मनाची गोष्ट. दुसरी म्हणजे जोखीम पेलण्याची ताकद: पैसे खरंच गेले आणि वर्षानुवर्षं परत आले नाहीत, तरी मुलांचं शिक्षण, आईचं औषधपाणी आणि घराचा हप्ता चालू राहील का. ही हिशेबाची गोष्ट, आणि तिला मनाचा धीटपणा ठाऊकच नसतो. धीट माणसाचं घर नाजूक असू शकतं आणि भित्र्या माणसाचं घर भक्कम. शेअरमधला वाटा या दोन्हींपैकी जी मर्यादा लहान असेल तिनेच ठरतो. नवरा-बायको असतील तर मर्यादा तीन होतात: घराची एक, मनांच्या दोन.

सगळा हिशेब पैशात न करता महिन्यांत केला तर फार सोपा होतो. घरखर्चाचा एक महिना म्हणजे एक माप. हप्ता, शाळेची फी, विम्याचे हप्ते, किराणा, सगळं धरून वर्षाचा खर्च काढायचा आणि बाराने भागायचा. मग जमा रकमेला त्याने भागायचं. ‘आपल्याकडे इतके लाख आहेत’ यापेक्षा ‘आपल्याकडे १२० महिने आहेत’ हे वाक्य बरंच काही सांगतं. महागाईने खर्च वाढला तर महिने आपोआप कमी होतात, हाही एक फायदा.

आता एक घर घेऊ. ती ४४ वर्षांची, तो ४२ चा. मोठी मुलगी १५ वर्षांची, धाकटा १० चा, आणि तिची आई त्यांच्याकडे राहते. तिचा हातात येणारा पगार घरखर्चाइतका, म्हणजे दरमहा १ महिना. त्याचा ०.४ महिना. खर्च १, म्हणून दरमहा ०.४ आणि वर्षाला साधारण ५ महिने शिल्लक पडतात. राहतं घर सोडून जमा १२० महिने. त्यातले ९० शेअरमध्ये आहेत, म्हणजे ७५ टक्के, आणि ३० ठेवींत. प्रश्नावली तिने एकटीने भरली होती.

ताकदीची पहिली चाचणी सोपी आहे. येत्या सातेक वर्षांत जे पैसे नक्की किंवा बहुधा लागणार आहेत ते बाजूला काढायचे. सातच का? कारण मोठी घसरण भरून यायला पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्तही लागल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात सुमारे ५७ टक्के पडला आणि लाभांश न धरता जुन्या उंचीवर मार्च २०१३ मध्ये परतला. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ च्या उंचीवर परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. म्हणजे सात वर्षं हीसुद्धा हमी नाही, कामचलाऊ रेघ आहे.

मुलीचं पदवीचं शिक्षण तीन वर्षांनी सुरू होऊन सातव्या वर्षाअखेर संपेल. त्याचे २४ महिने. आईच्या आजारपणात विमा सगळं देत नाही, त्यासाठी ६. राहिली नोकरी जाण्याची तरतूद, आणि इथे बहुतेक घरं स्वतःला फसवतात. ‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ हा नियम ती घरं डोळे मिटून लावतात. पण तरतूद पगाराच्या आकारावर आणि खर्चाच्या लवचिकतेवर ठरते. या घरात एका महिन्यातला पाव भाग हप्त्यात जातो आणि तो वाईट दिवसांत एका पैशानेही कमी होत नाही. औषधं आणि फीसुद्धा नाही. सगळी काटकसर करून खर्च ०.८५ वर येईल, त्याखाली नाही. तिची नोकरी वर्षभर गेली आणि त्यातले सहा महिने त्याचाही पगार थांबला, असं धरू. पहिले सहा महिने ०.८५ ची तूट, पुढचे सहा महिने ०.४५ ची. बेरीज ७.८, म्हणजे ८ महिने.

२४, ६ आणि ८ मिळून ३८ महिने. हे शेअरमध्ये असूच नयेत. उरले ८२, म्हणजे १२० चे ६८ टक्के. पहिल्याच पायरीवर ७५ हा आकडा बाद झाला. आज या घराच्या ठेवींत ३० आहेत आणि लागणार ३८, म्हणजे मुलीच्या शिक्षणाचे आठ महिने सध्या बाजाराच्या भरवशावर आहेत. खात्याचा उतारा रोज पाहूनही हे दिसत नाही, कारण कोणत्या पैशावर कुणाचं नाव लिहिलंय हे उताऱ्यावर नसतं.

दुसरी चाचणी जास्त कडक आहे आणि तिच्याशिवाय ताकद मोजली असं म्हणता येत नाही. उरलेले ८२ महिने मुख्यतः निवृत्तीचे आणि धाकट्याचे. त्यातले काही बुडाले तर भरून कशाने निघणार? फक्त पुढच्या कमाईने. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: ठरलेल्या वयापुढे आपण किती वर्षं जास्त काम करू शकू?

ही वर्षं महिन्यांत बदलता येतात. निवृत्तीनंतर दोघांचा खर्च आजच्या ०.७ इतका असेल असं धरलं तर वर्षाला ८.४ महिने लागतील. एक वर्ष जास्त काम केलं की तेवढे खर्च होत नाहीत, वर साधारण ४.८ महिन्यांची बचत पडते. म्हणजे एका जादा वर्षाची किंमत सुमारे १३ महिने. दोघांनीही तीन-तीन वर्षं जास्त काम करायची तयारी आणि शक्यता असेल, तर हे घर ४० महिन्यांचं नुकसान भरून काढू शकतं. बाजार निम्म्याने पडेल असं धरलं तर त्यावरून शेअर ८० महिन्यांपर्यंत चालतील असं दिसतं.

पण इथे थांबलं तर चूक होईल, कारण बाजार एकटा पडत नाही. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेतली बेरोजगारी ५ टक्के होती, ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्के. ज्या मंदीत शेअर पडतात त्याच मंदीत नोकऱ्या जातात, दुष्काळात तेरावा महिना. म्हणून दोन्ही संकटं एकाच वर्षात आली असं धरूनच मोजायचं. नोकरी गेलेल्या वर्षात बाजूला ठेवलेले ८ महिने संपतील आणि ते पुन्हा भरावे लागतील. त्या वर्षाची ५ महिन्यांची बचतही होणार नाही. हे १३ महिने त्याच तीन जादा वर्षांतून फेडायचे आहेत. चाळीसातून तेरा गेले, शेअरमधल्या नुकसानासाठी उरले २७. निम्मी घसरण धरली तर शेअर जास्तीत जास्त ५४ महिने. १२० चे ४५ टक्के.

हा आकडा कशावर किती हलतो ते बघण्यासारखं आहे. तिच्या नोकरीत ठरल्या वयाला निवृत्ती सक्तीची असेल आणि नंतर काम मिळण्याची शक्यता नसेल, तर जादा वर्षं तीनवरून एकावर येतात. भरून काढण्याची ताकद १३ महिने, आणि ते सगळे नोकरीच्या संकटातच जातात. मग या पद्धतीने शेअरसाठी उरतं शून्य. इतकं टोकाला जायची गरज नसते. बाजार निवृत्तीपर्यंतच्या पुढच्या सोळा वर्षांत अजिबात सावरणार नाही हे गृहीत मुद्दाम कठोर ठेवलेलं आहे. पण ताकद वयापेक्षा पुढच्या पगाराच्या खात्रीवर किती अवलंबून असते, हे यातून लख्ख दिसतं. ‘शंभरातून वय वजा करा’ हा सोपा नियम इथे ५६ टक्के सांगतो. सरकारी नोकरी आणि निवृत्तिवेतन असलेल्या दोघांनाही तो ५६ च सांगतो, आणि कमिशनवर जगणाऱ्या दोघांनाही.

या हिशेबात विमा आधीपासून आहे असं धरलंय. तिच्या नावावर पुरेसा मुदतीचा आयुर्विमा नसेल तर वरचं सगळं निरर्थक आहे. ती गेली तर ०.४ च्या पगारावर दोन मुलं आणि आई सांभाळायची, म्हणजे दरमहा निदान ०.४ ची तूट, शिवाय दोन्ही शिक्षणं आणि त्याचं म्हातारपण. तेव्हा त्या १२० महिन्यांतला एकही बाजारात ठेवण्यासारखा राहत नाही. अवलंबून असलेली माणसं घरात असताना विमा आधी, शेअरचा वाटा नंतर. विम्याचा हप्ता जोखीम पेलण्याची ताकद थेट विकत देतो.

आता मनं. तयारी मोजताना टक्केवारी टाळावी, कारण ‘वीस टक्के’ ऐकून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसावं. प्रत्येकासमोर आपल्याच खात्याचा बनवलेला उतारा असावा: गेल्या वर्षी १२० महिने, आज ७५. नव्वदचे पंचेचाळीस झाले. पावणेचार वर्षांचा घरखर्च नाहीसा झाला. खाली तीनच प्रश्न. हे पाहून उद्या सकाळी काय कराल? वर्षभराने आकडा आणखी खाली असेल तर? किती महिन्यांच्या नुकसानानंतर तुम्ही ‘विकून टाकू’ म्हणाल? उत्तर आकड्यात लिहायचं आणि लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. बोललं की ज्याचा आवाज घरात पैशाच्या बाबतीत मोठा, त्याचंच उत्तर दोन कागदांवर येतं.

मग जुन्या नोंदी काढायच्या. २०२० च्या १९ फेब्रुवारी ते २३ मार्च या काळात एस अँड पी ५०० सुमारे ३४ टक्के पडला आणि जगभरचे बाजार त्याच्यासोबत गेले. त्या आठवड्यांत तुमच्या खात्यात काय झालं ते उताऱ्यात तारखेसह आहे. दरमहाची गुंतवणूक बंद केली का? काही विकलं का, आणि परत कधी घेतलं? लोकांना आपण थांबलो होतो असं आठवतं आणि उताऱ्यात वेगळंच निघतं. आणखी एक बघायचं: तेव्हा शेअरमध्ये किती होतं? बारा महिने असतील तर ३४ टक्के म्हणजे चार महिन्यांचं नुकसान. चार महिने सोसले म्हणून पंचेचाळीस सोसतील असं होत नाही. शिवाय ती घसरण काही महिन्यांत भरून आली. २००७ नंतरच्या घसरणीत जवळजवळ दीड वर्ष पुन्हा पुन्हा नवा तळ दिसत होता. धीराचा कस लागतो तो लांबलेल्या घसरणीत.

आपल्या घरात तिने लिहिलं, ४५ महिने गेले तरी विकणार नाही. त्याने लिहिलं, २४. ‘दोन वर्षांचा खर्च कागदावरून गेला तर गप्प बसेन. त्यापुढे मला रात्रभर आईचं आणि मुलांचंच दिसेल, आणि मी तुला विकायलाच सांगेन.’ हे उत्तर मोलाचं आहे, कारण त्यात आकडा आहे आणि कारणही आहे.

त्याच्या उत्तरावरून निम्मी घसरण धरली तर शेअर ४८ महिने, ४० टक्के. तिच्या उत्तरावरून ९०, ७५ टक्के. इथे बहुतेक जोडपी सरासरी काढतात: ५७.५ टक्के. दोघांचाही मान राहिला असं वाटतं, पण ही तडजोड नेमक्या वाईट वेळी मोडते. ५७.५ टक्के म्हणजे ६९ महिने शेअरमध्ये. ते निम्मे झाले तर ३४.५ गेले. त्याची मर्यादा २४ ला संपली होती. अर्ध्या वाटेवरच तो विका म्हणू लागेल. तोवर मुलीचा प्रवेश जवळ आलेला असेल, आईचं एखादं आजारपण चालू असेल, आणि ‘तुझ्यामुळे’ हा शब्द घरात शिरला असेल. अशा भांडणात धीट माणूस जिंकत नाही, कारण घसरलेला आकडा भित्र्याच्या बाजूने साक्ष देत असतो. तळाशी विकलं जातं, आणि बाजार सावरला की परत जायचं धाडस दोघांपैकी कुणालाच होत नाही. पैसा एकत्र असेल तर दोघांतल्या कमी आकड्यावर थांबणंच शहाणपणाचं, कारण घसरणीत शेवटी तोच आकडा अमलात येतो.

तीन मर्यादा समोर आहेत: घराची ४५ टक्के, तिची ७५, त्याची ४०. वाटा ४० टक्के, म्हणजे ४८ महिने.

शेअर कमी केले की वाढही कमी, ही तिची तक्रार रास्त आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. शेअर ठेवींपेक्षा वर्षाला ४ टक्के जास्त देतील असं धरलं, तर घराच्या मर्यादेवरून त्याच्या मर्यादेवर येण्याची, म्हणजे ५४ ऐवजी ४८ ठेवण्याची किंमत वर्षाला पाव महिना. एका आठवड्याचा घरखर्च. एवढ्यात जोडीदाराची झोप मिळत असेल तर सौदा स्वस्त आहे. ९० वरून ४८ वर येण्याची किंमत मात्र स्वस्त नाही: वर्षाला सुमारे १.७ महिने, सोळा वर्षांत चक्रवाढ न धरताही २७ महिने. ही रक्कम लपवू नये. वर काढलेल्या हिशेबाने ती दोन जादा वर्षांच्या कामाएवढी भरते.

आणि इथेच तिसरी गोष्ट डोकं वर काढते: गरज. ‘आपली निवृत्तीची रक्कम ७५ टक्के शेअर धरल्याशिवाय जमतच नाही’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. गरज असली म्हणून ताकद वाढत नाही. उलट ज्या घराला रक्कम अपुरी पडते आहे, त्याच घराला नुकसान सर्वांत कमी परवडतं. आकडा जुळत नसेल तर खर्च, बचत, निवृत्तीचं वय किंवा मुलांसाठी ठरवलेली रक्कम यांतलं काहीतरी हलवावं लागतं. दोन वर्षं उशिरा निवृत्त होऊ हे आज कागदावर लिहिणं कठीण आहे, पण ती तूट भरून निघेल याची त्यात बरीच जास्त खात्री आहे.

९० वरून ४८ वर यायचं तर ४२ महिने विकावे लागतात. चौदा-चौदाचे तीन भाग करून चार-चार महिन्यांच्या अंतराने तारखा आधीच ठरवाव्यात, कर कसा लागेल ते पाहून. पहिल्या भागातून मुलीच्या शिक्षणाचे कमी पडणारे आठ महिने आधी भरायचे. ‘जरा वर गेला की विकू’ असं म्हटलं की ते कधीच होत नाही, कारण वर गेला की आणखी वर जाईल असं वाटतं.

नंतर वाटा स्वतःहून सरकत राहतो. शेअर दुप्पट झाले तर ४८ चे ९६ होतात, ठेवीतले ७२ तसेच, आणि वाटा ५७ टक्क्यांवर जातो. आता निम्मी घसरण म्हणजे ४८ महिने, त्याच्या लिहिलेल्या मर्यादेच्या दुप्पट. म्हणून वाटा ४५ टक्क्यांवर गेला की विकून ४० वर आणायचा, ३५ खाली गेला की घ्यायचं, असा साधा नियम पुरतो. घ्यायची वेळ खरी अवघड. ४८ चे २४ झाले तर एकूण ९६ उरतात आणि ४० टक्के म्हणजे ३८. ठेवींतले १४ महिने शेअरमध्ये टाकावे लागतील. ठेवींत ७२ आहेत, ३८ राखीव, तेव्हा १४ काढता येतात. पण दोघांपैकी कुणाची नोकरी त्याच वेळी गेली असेल तर हा नियम थांबवायचा. राखीव ३८ ला हात लावून शेअर घ्यायचे नाहीत, बाजार कितीही स्वस्त दिसला तरी.

वर्षातून एकदा, आणि घरात काही बदललं की लगेच, हिशेब पुन्हा मांडायचा. मुलीचं शिक्षण पूर्ण झालं की राखीव २४ संपलेले असतात, पण तोवर धाकट्याचा प्रवेश जवळ येतो आणि त्याचे २४ त्या जागी बसतात. हप्ता फिटला की खर्च ०.७५ वर येतो, शिल्लक वाढते आणि घराची मर्यादा वर सरकते. त्याची मर्यादा मात्र तेव्हाही २४ च असू शकते. ती वाढली की नाही हे त्याला पुन्हा उताऱ्यासमोर बसवूनच कळतं, आणि विचारण्याची वेळ बाजार शांत किंवा पडलेला असतानाची असावी. चढत्या बाजारात कुणालाही विचारलं तर उत्तर खरं येत नाही.